गळ्याची पट्टी आणि पाचाचा हिशोब

धाकट्या भावासाठी मी पहिला टी-शर्ट शिवला, तोवर ब्लाउज शिवण्यात माझा हात चांगला बसला होता. त्यामुळे बाह्या, बाजूच्या शिवणी, खालची दुमड हे सगळं एका दुपारीत उरकलं. राहिला होता फक्त गळा. ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टी लावायची आपली पद्धत ठरलेली असते. गळा टेपने मोजायचा, तेवढीच पट्टी कापायची, वर माया सोडायची आणि शिवत जायचं. इथंही तेच केलं. गळा भरला ५० सेंटिमीटर, म्हणून पट्टीही ५० सेंटिमीटर कापली. शिवताना कुठे ओढाताण झाली नाही, कुठे चुणी पडली नाही. मनात म्हटलं, लोक उगाच होजिअरीच्या कापडाला घाबरतात.

टी-शर्ट सुलट करून टेबलावर पसरला आणि पट्टी गळ्याभोवती झालरीसारखी उभी राहिली. इस्त्री फिरवली, ती बसली, आणि चहा होईपर्यंत पुन्हा उठली. भावाने अंगात घालून पाहिला. पुढून पट्टी छातीपासून सुटून बाहेर डोकावत होती, मागे मानेशी चांगलं बोटभर अंतर. तो म्हणाला, "ताई, मस्त झालाय. घरात घालीन." घरात घालीन म्हणजे काय, हे शिवणाऱ्या माणसाला कळतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मास्तर आहेत. तिरुपूरला होजिअरीच्या कारखान्यात बरीच वर्षं कटिंग करून ते परत आले आणि आता घराच्या पुढच्या खोलीत चार मशिनं टाकून शाळांचे खेळाचे गणवेश शिवतात. टी-शर्ट घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी तो हातातही घेतला नाही, लांबूनच विचारलं, "ताई, सुरकुती कुठे आहे? पट्टीत की अंगात?"

अंग म्हणजे टी-शर्टचं मुख्य कापड. सुरकुती पट्टीत होती. "मग पट्टी लांब झाली," ते म्हणाले. "अंगात चुण्या पडल्या असत्या तर आखूड झाली असती." गळ्याच्या बहुतेक दुखण्यांचं निदान या एका प्रश्नात होतं. लाटा ज्या कापडात दिसतात ते कापड जास्त झालेलं असतं. पण जास्त म्हणजे किती जास्त, आणि मुळात गळ्याएवढीच कापलेली पट्टी लांब कशी होते, हे समजायला मला बराच वेळ लागला.

आधी ब्लाउजचाच विचार करू. उरेब पट्टी गळ्याच्या काठावर शिवून आपण ती आत उलटवतो. ती खांद्याच्या आणि छातीच्या बाजूला जाते, म्हणजे गळ्याच्या गोलाच्या बाहेर. तिची मोकळी कड मोठ्या गोलावर येते आणि तिथे तिला जरा ताणून बसावं लागतं. उरेब कापलेलं कापड तेवढं ताणतं, म्हणून सारख्या मापाची पट्टी चालून जाते. टी-शर्टची पट्टी याच्या बरोबर उलट्या दिशेने जाते. ती दुहेरी घडी करून गळ्याच्या काठाला शिवतात आणि ती गळ्याच्या पोकळीत, मानेच्या दिशेने पुढे येते. तिची घडीची कड शिवणीपेक्षा लहान गोलावर बसायची असते. शिवणीपाशी ५० सेंटिमीटर आणि घडीपाशीही ५० सेंटिमीटर अशी पट्टी असेल, तर घडीपाशी जागाच कमी आहे. उरलेलं कापड जाणार कुठे? ते वर उठतं.

खळ्यावरची मळणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन कळेल. मधल्या तिवड्याभोवती बैलांची पात फिरते. तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी वळल्यासारखा चालतो आणि बाहेरच्या टोकाचा बैल तेवढ्याच फेरीत कितीतरी जास्त वाट तुडवतो. शिवण हा बाहेरचा बैल आणि घडी हा आतला. दोघांच्या वाटेत फरक किती, हे दोघांमधल्या अंतरावर ठरतं. गोलाचं खळं लहान असो की मोठं, बैल एकमेकांपासून एक हात लांब असतील तर एका फेरीतला फरक सहा हातांहून थोडा जास्तच राहतो. शाळेतला पाय इथे कामाला येतो. त्रिज्या १ सेंटिमीटरने कमी झाली की परीघ ६.२८ सेंटिमीटरने कमी होतो.

म्हणजे तयार पट्टी २ सेंटिमीटर रुंद असेल तर तिची घडीची कड शिवणीपेक्षा साडेबारा सेंटिमीटर आखूड हवी? सपाट कागदावर हो. पण टी-शर्टचा गळा सपाट कागदावर नसतो, तो उतरत्या खांद्यांवर बसतो. पुढचा आणि मागचा भाग खांद्याला जोडतो तेव्हा प्रत्येक कापड मानेपासून हाताकडे साधारण २० अंश उतरतं कापलेलं असतं. पुढचे दोन आणि मागचे दोन मिळून असे चार उतार, म्हणजे गोलातून सुमारे ८० अंशांची पाचर काढून टाकल्यासारखं झालं. कागदाच्या गोलातून पाचर कापून कडा जोडल्या की त्याची टोपी होते, तसा टी-शर्टचा वरचा भाग किंचित टोपीसारखा असतो. गळ्याभोवती पूर्ण ३६० ऐवजी २८० अंशच फेरा उरतो आणि ६.२८ च्या जागी आकडा येतो पाचाच्या आसपास.

एवढ्यावर हिशोब मिटतो. शिवणीच्या रेषेवर गळा जेवढा भरेल, त्यातून तयार पट्टीच्या रुंदीची पाचपट वजा करायची. भावाच्या टी-शर्टला २ सेंटिमीटरची पट्टी होती. ५० मधून १० गेले, उरले ४०. मी ५० ची लावली होती, म्हणजे १० सेंटिमीटरचं फालतू कापड मानेभोवती झालर करून उभं होतं.

मास्तरांना हे गणित सांगितलं तेव्हा ते हसले. त्यांच्या भिंतीवर खिळ्याला पुठ्ठ्याचे साचे टांगलेले असतात, प्रत्येक मापाच्या गळ्याला एक. प्रौढांच्या मध्यम मापाचा, २ सेंटिमीटर पट्टीचा साचा त्यांनी काढून दिला. मायेची जागा सोडून तो ४० भरला. त्यांनी तो कुठल्याही सूत्राने काढला नव्हता, शिवून आणि उसवून काढला होता.

शिवणकामाच्या वर्गात आणि पुस्तकांत हीच गोष्ट टक्क्यांत सांगतात: गळ्याच्या ८० टक्के पट्टी घ्या. साध्या गोल गळ्याला आणि नेहमीच्या रुंदीला ते लागू पडतं, आपल्याच उदाहरणात ५० चे ८० टक्के ४० होतात. पण टक्केवारीला पट्टीची रुंदी माहीत नसते आणि गळा किती खोल आहे हेही माहीत नसतं. उन्हाळ्यात मुली घालतात तसा खोल, मोठा गोल गळा घ्या, शिवणीवर ७० सेंटिमीटर भरणारा. पट्टी तीच २ सेंटिमीटरची. पाचाच्या हिशोबाने वजा करायचे १० च, कारण गळा मोठा झाला तरी फेरा तेवढाच राहतो. पट्टी येते ६० ची, म्हणजे जवळजवळ ८६ टक्के. इथे ८० टक्क्यांवर विसंबून ५६ ची पट्टी लावली तर ती गळ्याला आत ओढते आणि छातीवर शिवणीखाली बारीक चुण्यांची रांग उठते. उलट ५० च्याच गळ्याला कोणी १ सेंटिमीटरची नाजूक पट्टी लावली तर ४५ पुरे, ९० टक्के. पट्टी ३ सेंटिमीटरची केली तर ३५, म्हणजे ७० टक्के. टक्क्यांचा आकडा दर वेळी बदलतो, पाच बदलत नाही.

या हिशोबाचा फायदा माप घेतानाही होतो. गळा मोजायचा तो शिवणीच्या रेषेवर, कापलेल्या काठावर नाही. होजिअरीत माया पाऊण सेंटिमीटर ठेवतात. कापलेला काठ शिवणीच्या आत आहे, म्हणजे लहान गोलावर आहे, आणि पाऊणची पाचपट पावणेचार होते. ज्या गळ्याची शिवण ५० भरते त्याचा कापलेला काठ जेमतेम सव्वाशेहेचाळीस भरतो. काठ मोजून पट्टी काढणाऱ्याची पट्टी जवळजवळ चार सेंटिमीटर आखूड होते, आणि मग "सांगितलं तसंच केलं तरी चुण्या का?" हा प्रश्न पडतो. कापडावर खडूने पाऊण सेंटिमीटर आत रेघ मारावी आणि टेप आडवी न ठेवता तिच्या कडेवर उभी धरून रेघेवरून फिरवावी. उभी टेप वळणावर वळते, आडवी टेप वळणाला फसवते. मी अर्धा गळा मोजून दुप्पट करते, कापड घडीवर ठेवलेलं असल्याने ते सोपं जातं.

पट्टीची रुंदीही आधीच पक्की करायला हवी. २ सेंटिमीटरची तयार पट्टी म्हणजे घडीचे दोन पदर ४ आणि दोन्हीकडची माया दीड, मिळून साडेपाच सेंटिमीटर रुंद कापायची. लांबी ४० अधिक जोडाची माया दीड, साडेएकेचाळीस.

आता कापडाकडे येऊ. पट्टीला ताणून शिवायचं तर ते कापड ताणलं गेलं पाहिजे आणि सोडल्यावर परत आलं पाहिजे. टी-शर्टचं साधं होजिअरी कापड एकाच सुयांच्या रांगेवर विणलेलं असतं. एका बाजूने सगळे सुलट टाके, दुसऱ्या बाजूने सगळे उलट. म्हणून ते कापलं की काठ गुंडाळतो. रिब विणताना सुयांचे दोन संच असतात आणि सुलट-उलट टाक्यांच्या उभ्या रांगा आलटून पालटून येतात. उलट रांगा मागे दबतात, सुलट पुढे येतात, आणि कापड पेटीच्या भात्यासारखं मिटून बसतं. आडवं ओढलं की भाता उघडतो, सोडला की मिटतो. स्वेटरच्या मनगटाला आपली आजी दोन सुलट-दोन उलट विणायची, तिचं कारणही हेच.

म्हणून पट्टी नेहमी आडवी कापायची, रांगा पट्टीच्या रुंदीत उभ्या दिसतील अशी. चुकून उभी कापली तर ती जवळजवळ ताणतच नाही. विकत आणलेल्या रिबची परीक्षा पट्टीला लावूनच घ्यावी. रिब घडी करून १० सेंटिमीटरवर दोन टाचण्या टोचा आणि जोर न करता मोजपट्टीवर ताणा. टाचणी १५ च्या पुढे सहज गेली पाहिजे. मग सोडा. ती १० वर किंवा अगदी किंचित पुढे परत आली तर रिब चांगली. ११ वर आळसावून पडली तर तिच्यात लायक्रा नाही किंवा विण सैल आहे. अशी रिब वापरायचीच असेल तर मी हिशोबातून आणखी एक-दीड सेंटिमीटर कमी करते, कारण ती शिवतानाच थोडी वाढते आणि धुतल्यावर पुन्हा वाढते.

टी-शर्टच्याच कापडाची पट्टी लावायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. तेही कापड आडवं ताणतं, पण रिबइतक्या सहज नाही, आणि ताणलेलं ठेवलं की अंगालाच खेचतं. त्यासाठी पट्टी अरुंद करावी. दीड सेंटिमीटरची केली तर वजा साडेसात, पट्टी साडेबेचाळीस, आणि कापडाला जेवढं ताणावं लागतं तेवढं त्याला झेपतं. चार-पाच सेंटिमीटर रुंद पट्टी साध्या कापडाची लावून ती सपाट बसवायची म्हटलं तर हिशोबच नाही म्हणतो. ५० च्या गळ्याला ४ सेंटिमीटरची पट्टी म्हणजे ३० ची पट्टी ५० पर्यंत ताणायची. अशी पट्टी रिबचीच हवी, नाहीतर ती मानेशी उभी राहणारी कॉलर समजून वेगळ्या मापाने लावावी.

दोन्ही कापडं आधी धुवून, वाळवून घ्यावीत. सुती होजिअरी आटते, आणि रिब व अंग सारखं आटत नाही. घाईने न धुता शिवलेला गळा दुकानातल्यासारखा दिसतो आणि पहिल्या धुण्यानंतर एका बाजूला चुणतो. हे माझंही झालेलं आहे.

आता शिवण. पट्टीची दोन टोकं जोडून तिचं कडं करायचं, जोडाची माया बोटाने उघडून दाबायची आणि मग लांबीत घडी घालायची. घडी घालताना दोन्ही कापलेल्या कडा बरोबर एकमेकींवर याव्यात. एक कड एका दिशेने जरा सरकली की पट्टीत पीळ पडतो आणि शिवल्यावर तिरक्या रेघा दिसतात, दोरीसारख्या. त्या लाटांसारख्या किंवा चुण्यांसारख्या नसतात, सगळ्या एकाच दिशेला कललेल्या असतात. मापाचा दोष नसतो तो, घडीचा असतो. कितीही इस्त्री केली तरी जात नाही.

कड्याचे चार सारखे भाग करून खुणा करायच्या, आणि गळ्याचेही चार सारखे भाग करायचे. घोटाळा इथे होतो. पट्टीच्या दोन बाजूंच्या खुणा आपण सहज खांद्याच्या शिवणींना लावतो, कारण तिथे शिवण आयतीच दिसते. पण भावाच्या टी-शर्टचा गळा पुढे ३० आणि मागे २० होता. पुढचा अर्धा १५, मागचा अर्धा १०. पट्टीचा एक चतुर्थांश १०. खांद्याला खूण लावली तर मागे १० ला १०, म्हणजे काहीच ताण नाही, आणि पुढे १० ची पट्टी १५ पर्यंत ओढायची. असा गळा पुढून चुणतो आणि मागून उघडा पडतो, आणि पट्टीचं माप बरोबर असूनही माणूस माप बदलत बसतो. गळ्याचे खरे चार भाग साडेबारा-साडेबाराचे. पुढच्या मध्यापासून साडेबारा मोजलं की खूण खांद्याच्या शिवणीच्या अडीच सेंटिमीटर अलीकडे, पुढच्या बाजूला येते. तिथेच टाचणी टोचायची.

पट्टीचा जोड मागे ठेवायचा. अगदी खांद्याच्या शिवणीवर नको, कारण दोन्ही माया एकावर एक येऊन गाठ होते. कोणी मागच्या मध्यावर घेतं. मास्तर तो डाव्या खांद्याच्या मागे दोन-तीन सेंटिमीटरवर घेतात.

शिवताना पट्टी वर आणि अंग खाली, मशीनच्या दात्यांवर. ताणायची ती फक्त पट्टी, एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत, आणि तीही खालच्या कापडाशी बरोबर जुळेल एवढीच. अंग ताणलं गेलं की सगळा हिशोब वाया. नवशिक्यांचा हात इथेच चुकतो: पट्टी ताणताना खालचं कापडही चिमटीत येतं, दोन्ही ओढली जातात आणि गळा ५० चा ५४ होतो. अशा गळ्यात पट्टी आणि अंग दोन्ही लाटा मारतात. मास्तरांच्या प्रश्नाला तिसरं उत्तर हेच, सुरकुती दोन्हीकडे आहे. ओव्हरलॉक मशीनवर दात्यांचे दोन संच असतात, आणि पुढचे दाते मागच्यापेक्षा जरा जास्त कापड ढकलतील असं लावलं तर गळा वाढत नाही. घरच्या मशीनवर फूटचा दाब कमी करावा, जमेल तेवढा.

मधल्या साडेबारा सेंटिमीटरात ताण सगळीकडे सारखाच ठेवायचा का? पहिल्यांदा शिवताना सारखाच ठेवावा, फार बिघडत नाही. हात बसल्यावर एक बारकावा जमतो. मागचा गळा मध्यावर जवळजवळ सरळ असतो आणि खांद्यापाशी येऊन चटकन वळतो. सरळ भागात आतला आणि बाहेरचा बैल सारखीच वाट चालतात, म्हणून तिथे पट्टी जेमतेम ताणायची, आणि वाचलेला ताण खांद्याजवळच्या वळणावर खर्च करायचा. इंग्रजी यू अक्षरासारख्या खोल गळ्यात तर हा बारकावा नाही पाळला तर फसतंच. दोन्ही बाजू सरळ उतरतात, तिथे पट्टी सैलच सोडायची आणि तळाच्या वळणावर ओढायची.

शिवणीला ताण सहन व्हायला हवा, कारण डोकं गळ्यातून जायचं असतं. भावाच्या डोक्याचा घेर ५८ सेंटिमीटर. घडीची कड ४० वरून ५८ वर जाणार आणि शिवणही ५० वरून ५८ वर. नेहमीच्या सरळ टाक्यात दोऱ्याला तेवढं ताणायला वावच नसतो, आणि टी-शर्ट दुसऱ्या-तिसऱ्यांदा घालताना "तट्" असा आवाज येतो. ओव्हरलॉकचा दोरा फासे घेत फिरतो म्हणून तो कापडाबरोबर लांबतो. ओव्हरलॉक नसेल तर नागमोडी टाका, फार रुंद नको, एक मिलिमीटरच्या आतबाहेर, लांबी अडीच-तीन. फक्त सरळ टाका असलेली जुनी पायमशीन असेल तर टाका बारीक करून, शिवताना शिवण किंचित ताणून धरतात. चालतं, पण टिकायचं म्हणाल तर मी हमी देणार नाही. सुई बॉल पॉइंटची, ११ नंबरची, आणि दोरा पॉलिएस्टरचा. टोकदार सुई विणीचे फासे तोडते आणि शिवणीशेजारी पहिल्या धुण्यात भोकं पडतात.

तान्ह्या मुलांचं गणित इथे उलटं पडतं. मानेच्या मानाने त्यांचं डोकं फारच मोठं. ३६ च्या गळ्याला दीड सेंटिमीटरची पट्टी साडेअठ्ठावीस येते आणि दोन वर्षांच्या मुलाचं डोकं सहज ४८ च्या घरात असतं. रिब ताणेल, पण रडणाऱ्या मुलावर ती ताणायला कोण उभं राहणार? म्हणून त्या कपड्यांच्या खांद्यावर टिचबटणं असतात, किंवा पुढचा-मागचा भाग खांद्यावर एकमेकांवर चढवलेला असतो.

शिवून झाल्यावर गळा अजून थोडा उठलेला दिसतो आणि जीव धसकतो. घाबरायचं नाही. माया अंगाकडे वळवायची, वाफेची इस्त्री गळ्यावर टेकवायची आणि उचलायची. इस्त्री ओढत नेली की गळा पुन्हा ताणला जातो. वाफेने रिब मिटते आणि गार होईपर्यंत टी-शर्ट जागचा हलवू नये. मग शिवणीच्या कडेला, अंगाच्या बाजूने वरून एक शिवण. कारखान्यात ती दोन सुयांच्या फ्लॅटलॉकवर मारतात, घरी जुळी सुई चालते. ही शिवण शोभेची वाटते, पण तिने माया अंगाला बांधली जाते. नाहीतर माया आतून पट्टीकडे वळते आणि धुतल्यावर पट्टी बाहेर पालथी पडते.

भावाचा टी-शर्ट मी उसवला. ओव्हरलॉकचा टाका उसवायला वेळ लागतो आणि विण नाजूक असते, म्हणून सुयांचे दोरे तेवढे जागोजाग कापून उरलेले अलगद ओढले. अंगाचा गळा तोवर ५२ झाला होता, माझ्याच हाताळण्याने. वाफ दिली, रात्रभर पसरून ठेवला, सकाळी ५० च्या जवळ आला. नवी रिब साडेएकेचाळीस कापली. या वेळी आधी सगळा गळा हाताने धावदोऱ्याने टाचून घेतला आणि भावाला घालायला लावला. डावीकडे खांद्यापुढे एक बारीक चुणी होती. टाचणी अर्धा सेंटिमीटर सरकवली, ती गेली. मग मशीन.

त्याने डोकं घातलं. पट्टी कानांशी क्षणभर अडली, ताणली, खाली उतरली आणि मानेभोवती मिटून बसली. आरशासमोर उभा राहून त्याने पट्टीखाली एक बोट घातलं, ओढून सोडलं. ती परत जागेवर गेली. "हा बाहेर घालतो," तो म्हणाला आणि किल्ली घेऊन निघाला.

दोन महिन्यांनी तो टी-शर्ट दोरीवरून काढताना मी टेप लावली. घडीची कड ४१ भरली.